बोअरच्या पाण्याला आरओ की यूव्ही? टीडीएस सोडा, आधी नायट्रेट बघा

प्रश्न: आमचं घर इंदापूर तालुक्यात, मळ्यात आहे. २२० फुटांचा बोअर, पिण्याला तेच पाणी. घरात सहा माणसं, त्यात चार महिन्यांचं बाळ, त्याला वरचं दूध चालू आहे. एका कंपनीचा माणूस मीटर घेऊन आला, टीडीएस ७१० दाखवला आणि म्हणाला आरओशिवाय गत्यंतर नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो यूव्ही पुरे, आरओने पाणी वाया जातं आणि पाण्यातला कसही जातो. कोणाचं ऐकू?

उत्तर:

त्या दोघांनीही तुमचं पाणी तपासलेलं नाही, त्यामुळे तूर्त कोणाचंच ऐकू नका. मशीन घेण्याआधी एक तपासणी करून घ्या. आणि घरात चार महिन्यांचं बाळ आहे, म्हणून अहवाल येईपर्यंत काय करायचं ते आधी सांगतो. बाळाच्या दुधाला बोअरचं पाणी आजपासून बंद. आयएसआय मार्क असलेलं सीलबंद बाटलीचं पाणी आणा, तेही उकळून, कोमट करून वापरा. गावात जारचं थंड पाणी मिळतं ते यात धरू नका, त्यातले कित्येक जार कुठल्या ना कुठल्या बोअरवरच भरलेले असतात. बोअरचंच पाणी उकळून दिलं तर चालेल का, असं तुमच्या मनात येईल. जंतूंच्या बाबतीत चालेल. पण माझी शंका खत-गोठ्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटची आहे, आणि ते उकळल्याने कमी होत नाही, उलट वाढतं. का ते पुढे येईलच.

मी गेली १८ वर्षं बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात पाणी शुद्धीकरणाची मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो. आरओही विकतो, यूव्हीही विकतो, त्यामुळे एकाची बाजू घेऊन मला काही मिळायचं नाही.

पहिल्यांदा तो मीटर. पेनासारखं ते यंत्र पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतं आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. म्हणजे पाण्यात एकूण क्षार साधारण किती आहेत एवढं कळतं. कोणते आहेत, ते कळत नाही. त्या ७१० मध्ये सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असेल तर पाणी जड लागेल, डाळ शिजायला वेळ घेईल, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरेल, पण प्यायला धोका नाही. त्याच ७१० मध्ये १०० नायट्रेट असेल तर मीटर तेच ७१० दाखवेल, चवीत काडीचा फरक पडणार नाही, आणि ते पाणी तुमच्या बाळाला देण्यालायक नसेल. जंतूंचा तर मीटरशी संबंधच नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या विहिरीतही तो ३०० दाखवू शकतो.

भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र एकच रेघ आहे, ४५ मिलिग्रॅम, आणि तिथे सवलत नाही. तुमचा ७१० हा आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही.

कंपनीच्या माणसाने दोन ग्लासांत तारा घालून पाणी तांबडं-काळं करून दाखवलं का? बहुतेक दाखवलंच असेल. एका ग्लासात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, प्रत्येकात लोखंडाच्या दोन कांड्या, बटण दाबलं की तुमच्या ग्लासात चिखल आणि त्यांचा ग्लास स्वच्छ. घरातल्या बायामाणसांचा जीव वरखाली होतो. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, कांड्यांचं लोखंड झिजून त्याचा गंज झालेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते म्हणून तिथे गंज होतो, आरओच्या पाण्यातून जवळपास जात नाही म्हणून होत नाही. पुढच्या वेळी त्यांच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. तोही तांबडा होईल. मी हे एकदा कंपनीच्या एका मुलासमोर केलं, त्यानेच हसत सामान आवरलं.

आता दोन्ही यंत्रं नक्की काय करतात ते बघू. यूव्ही म्हणजे एक नळी, तिच्या आत काचेचं वेष्टण, त्यात दिवा. पाणी वेष्टणाभोवतीनं जातं आणि दिव्याच्या अतिनील किरणांनी जंतू वाढण्याच्या लायकीचे राहत नाहीत. पाण्यातून काहीही बाहेर काढलं जात नाही. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर येतं. आरओमध्ये पंप पाण्याला दाब देऊन एका पातळ पडद्यातून ढकलतो, त्याला आम्ही मेम्ब्रेन म्हणतो. पाणी पार जातं, क्षार बरेचसे मागे राहतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. चांगल्या मेम्ब्रेनमधून एकूण क्षारांपैकी ९० ते ९५ टक्के अडतात. नायट्रेट मात्र थोडं चुकार आहे, ते इतर क्षारांपेक्षा जास्त निसटतं. मी हिशेबाला ८५ टक्के अडतं असं धरतो.

म्हणून खरा निवाडा असा करायचा: पाण्यात फक्त जंतू असतील तर यूव्ही, काढून टाकायलाच हवं असं काही विरघळलेलं असेल तर आरओ. तुमच्या भागात विरघळलेलं म्हणजे मुख्यतः नायट्रेट. तुम्ही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे असता तर मी आधी फ्लोराइड बघायला सांगितलं असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असता तर पाणी तोंडात घेताच खारट लागलं असतं आणि आरओ घ्यावाच लागला असता. कोकणात किनाऱ्याला लागून असता तर समुद्राचं पाणी बोअरमध्ये शिरलंय का ते पाहावं लागलं असतं. उसाच्या पट्ट्यात मात्र युरिया, गोठा आणि शोषखड्डा या तिघांचं नायट्रेट खाली उतरतं. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, त्यात पाणी भेगांतून फिरतं. भेगेतून आलेलं पाणी मातीतून गाळून येत नाही, म्हणून २२० फूट खोल बोअर असला तरी वरची घाण खाली पोचू शकते. केसिंग पाइप बहुतेकांचा मुरूम संपेपर्यंतच असतो, त्याच्या खालचा बोअर उघडाच.

एकाच वस्तीवरची दोन घरं सांगतो, म्हणजे मुद्दा नीट लक्षात येईल. दोन्ही मळ्यातली, मधे जेमतेम दीडशे पावलं. पहिल्या घरी टीडीएस ६९०, दुसऱ्या घरी ६८०. दोघांनाही एकाच विक्रेत्याने आरओ सुचवलेला. मी दोघांना पाणी तपासायला लावलं. पहिल्या घरी कठीणपणा ४६०, नायट्रेट १८, फ्लोराइड नगण्य, पण कोलिफॉर्म जंतू होते. दुसऱ्या घरी कठीणपणा ३८०, नायट्रेट ९६, आणि कोलिफॉर्म होतेच. दुसऱ्या घराच्या बोअरपासून गोठा आठ-दहा पावलांवर, आणि गोठ्याचं पाणी उघड्या चरातून बोअरच्या अंगावरूनच जायचं. पहिल्या घरी मी यूव्ही बसवला. दुसऱ्या घरी आरओ बसवला, चर वळवला आणि बोअरचा कट्टा बांधून घेतला. मीटरवर ही दोन पाणी जुळी भावंडं होती.

नायट्रेट मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे काणाडोळा करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. असं कधी दिसलं तर घरी काही करत बसू नका, त्याच पावली दवाखान्यात जा. अंगावरच्या दुधातून हा धोका जवळपास नसतो, धोका पावडरच्या दुधात घातलेल्या पाण्याचा. आणि पाणी उकळलं की वाफ जाते, नायट्रेट पातेल्यातच राहतं. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं तर ६० चं ८० होतं. उकळल्याने वाढतं म्हणालो ते यामुळे.

तेव्हा तपासणी. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, त्यांच्या उपविभागीय प्रयोगशाळाही आहेत. जवळची कुठली ते ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला किंवा जलसुरक्षकाला विचारा. खासगी प्रयोगशाळाही चालेल, फक्त मान्यता आहे का ते बघा. लांबलचक यादी करायची गरज नाही. टीडीएस, एकूण कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा आणि जंतूंसाठी कोलिफॉर्म व ई. कोलाय एवढं सांगा. अहवालात नायट्रेट दोन तऱ्हांनी लिहितात, हे लक्षात ठेवा. ४५ ची मर्यादा नायट्रेट म्हणून लिहिलेल्या आकड्याला आहे. काही ठिकाणी नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन लिहितात, तिथे आकड्याला ४.४ ने गुणायचं. १५ बघून एक गृहस्थ निश्चिंत झाले होते, प्रत्यक्षात ते ६६ होतं.

नमुना घेण्यात बहुतेक जण चुकतात. मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग बोअरच्या पाइपवरून थेट घ्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलंत तर टाकीतली घाण बोअरच्या नावावर जाते. क्षारांसाठी लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, ती निर्जंतुक केलेली असते, विसळायची नाही, तोंडाला आतून बोट लावायचं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, शक्यतो सहा तासांत पोचवा. जमलं तर मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा अशी दोनदा तपासणी करा. माझ्या पाहण्यात एकाच बोअरचं नायट्रेट पावसाळ्यानंतर दुपटीला गेलेलं आहे, कारण वर साठलेलं सगळं पहिल्या पाण्याबरोबर खाली उतरतं.

समजा अहवालात नायट्रेट ४५ च्या बरंच आत, फ्लोराइड १ च्या आत, लोह नगण्य आणि फक्त जंतू निघाले. मग तुमचा मेकॅनिक बरोबर, यूव्ही पुरे. पण कठीण पाण्यात यूव्हीची एक खोड असते, तिची पूर्वतयारी ठेवा. काचेच्या वेष्टणावर हळूहळू चुन्यासारखा पातळ थर धरतो. गेल्या वर्षी एका घरी मशीन उघडलं, निळा दिवा मस्त चमकत होता, घरच्यांना वाटत होतं सगळं ठीक. काच बाहेर काढली तर दुधी झालेली, नखाने खरवडली की पांढरी पूड सुटत होती. आत दिवा जळत होता आणि किरण त्या थरातच अडत होते. आपल्याला दिसतो तो निळा उजेड, जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे दिवा लागलाय यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा कठीण पाण्यात दर तीन-चार महिन्यांनी काच काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून पुसून घ्यावी. वीज बंद करूनच, आणि दिवा चालू असताना त्याच्याकडे कधी बघू नका. दिव्याचं आयुष्य ८ ते ९ हजार तासांचं, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवला तर वर्षभराचं. पुढेही तो पेटतो, पण त्याचा जोर गेलेला असतो. म्हणून दिवा बसवल्याची तारीख मशीनच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा.

यूव्हीच्या आधी गाळाची कॅन्डल हवीच. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आड जंतू सुखरूप सुटतात. लोह असेल तर काचेवर तांबडा लेप बसतो, अशा पाण्याला आधी लोह काढायची वेगळी सोय लागते. आणखी एक, यूव्हीचा परिणाम तेवढ्यापुरताच. क्लोरीनसारखं पुढे काही शिल्लक राहत नाही. स्वच्छ झालेलं पाणी माठात ओतलं आणि त्यात हात बुडवून तांब्या भरला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माठाला तोटी लावा, किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

आता समजा नायट्रेट ४५ च्या वर निघालं. मग आरओ घ्याच, कंपनीचा माणूस कारण चुकीचं सांगून का होईना पण बरोबर ठरला. मात्र इथे एक सापळा आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. बहुतेक घरगुती आरओमध्ये एक छोटा स्क्रू किंवा खटका असतो, त्याला टीडीएस ॲडजस्टर किंवा मॉड्युलेटर म्हणतात. ‘मिनरल्स टिकवतो’ म्हणून विकला जातो तो हाच. तो करतो इतकंच की मेम्ब्रेनला बगल देऊन थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. चव गोड लागते, मीटरवर २०० ते ३०० दिसतं, सगळे खूश. पण कच्च्या पाण्याबरोबर नायट्रेटही परत येतं.

मघाच्या दुसऱ्या घराचंच गणित करून बघू. कच्च्या पाण्यात टीडीएस ६८०, नायट्रेट ९६. मेम्ब्रेनमधून येणाऱ्या पाण्यात टीडीएस सुमारे ५०, नायट्रेट सुमारे १४. मी मशीन बसवलं तेव्हा स्क्रू जवळपास बंद ठेवला होता. दीड वर्षाने दुसऱ्याच कोणीतरी सर्व्हिस केली आणि चव येत नाही म्हणून स्क्रू उघडून टीडीएस ३०० वर आणून ठेवला. ३०० यायला दर दहा लिटरमागे सहा लिटर मेम्ब्रेनचं आणि चार लिटर थेट बोअरचं लागतं. सहा लिटरमधून ८४ मिलिग्रॅम नायट्रेट आलं, चार लिटरमधून ३८४, एकूण ४६८, म्हणजे लिटरमागे ४७. मर्यादा ४५. घरात आरओ आहे, बिल भरलंय, पाणी वाया जातंय, आणि तरी पाणी नापास. घरात सून गरोदर होती म्हणून त्यांनी पुन्हा तपासणी केली, नाहीतर कोणाला पत्ता लागला नसता. स्क्रू मिटवून दहात एकच लिटर कच्चं राहील असं केलं, टीडीएस ११५ च्या आसपास आला, आणि नायट्रेट हिशेबाने २२ वर. बाळाच्या पाण्यासाठी तर मी स्क्रू पूर्ण बंदच ठेवायला सांगतो.

म्हणून घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. मॉड्युलेटर पूर्ण बंद करता येतो का, आणि ते मिसळलेलं पाणी यूव्हीमधून जाऊन मगच टाकीत पडतं का. दुसरा प्रश्न जंतूंसाठी आहे. बगल देऊन आलेलं पाणी मेम्ब्रेनमधून गेलेलंच नसतं, त्यामुळे स्क्रू थोडा जरी उघडा असेल तर आरओबरोबर यूव्ही हवाच. स्क्रू पूर्ण बंद असेल तरी मला सोबत यूव्ही असलेलं बरं वाटतं, कारण मेम्ब्रेनची एखादी रबरी रिंग सुटली तर पाणी बाजूने निसटतं आणि बाहेरून काही कळत नाही.

‘कस जातो’ हे मेकॅनिकचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम खरोखर जातं. पण माणसाला ते मुख्यतः दूध, भाकरी, डाळी, भाज्यांतून मिळतं. नायट्रेट ९६ असताना कॅल्शियमच्या मायेने कच्चं पाणी पिण्यात अर्थ नाही. उलट नायट्रेट नसताना नुसत्या टीडीएसच्या धास्तीने आरओ घेण्यातही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरू देऊ नका असं म्हटलं होतं, ते पाणी वाया जातं म्हणूनच. ५०० ते १००० च्या दरम्यान बाकी सगळं ठीक असेल तर तो चवीचा प्रश्न, मी स्वतः यूव्हीच घेईन. मुतखड्याच्या भीतीने आरओ घेणारेही बरेच भेटतात. कठीण पाण्यानेच खडे होतात असं ठरलेलं नाही. ज्याला खडा झालाय त्याला डॉक्टर जास्त पाणी प्यायला सांगतात.

वाया जाणाऱ्या पाण्याचं सांगतो. घरगुती आरओ साधारण एका लिटरमागे तीन लिटर सोडतो. सहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला वीस लिटर धरलं तर साठ लिटर रोज. नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. फरशी, संडास, खरकट्याचं पहिलं पाणी यात ते सहज खपतं. मघाच्या घरी त्या सोडलेल्या पाण्यात नायट्रेट १२० च्या वर जायचं, ते त्यांनी केळीला आणि आळूला लावलं. झाडांना नायट्रेट हवंच असतं, फक्त कुंड्यांना रोज तेच घालू नका, क्षार साठून मातीवर पांढरं धरतं. आणि ती नळी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात तर मुळीच सोडू नका.

‘वॉटर सेव्हर’ म्हणून एकाला एक लिटर सोडणारी मशीनं आता मिळतात. तुमच्याकडे कठीणपणा ४०० च्या आसपास निघाला तर जपून. जितकं पाणी वाचवाल तितके मागे राहिलेले क्षार दाट होतात आणि मेम्ब्रेनवर खडूसारखे बसतात. अशी मेम्ब्रेन मी आठ महिन्यांत बाद झालेली काढलीय, हातात घेतली तर वजनालाच जड लागते.

मेम्ब्रेन गेली की नाही हे सर्व्हिसवाल्याच्या तोंडावर सोडू नका, स्वतः बघता येतं. इथे मात्र तो टीडीएस मीटर खरोखर उपयोगी आहे, स्वस्तातला एक घेऊन ठेवा. नवीन मशीन लागलं त्याच दिवशी मॉड्युलेटर पूर्ण बंद करून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे लिहून घ्या. समजा ७१० आणि ५०. महिन्यातून एकदा तेच करा. बाहेरचा आकडा १०० कडे सरकला की सावध, कारण एकूण क्षार दुप्पट निसटायला लागले की नायट्रेट त्याहून जास्त निसटतं. बाळ असलेल्या घरी मी १०० ला मेम्ब्रेन बदलतो, इतरांकडे थोडं थांबतो. दुसरी खूण वेगाची. ८० गॅलनची मेम्ब्रेन चांगली असताना लिटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत भरते. दहा मिनिटं लागायला लागली तर आधी गाळाची कॅन्डल बघा, ती मातकट झालेली असते. ती बदलूनही वेग येत नसेल तर मेम्ब्रेनवर क्षार बसलेत.

यूव्ही घ्या नाहीतर आरओ, कोलिफॉर्म निघाले तर बोअरकडेही बघा. केसिंग जमिनीच्या वर दोन फूट तरी हवं, झाकण घट्ट, भोवती बाहेरच्या बाजूला उताराचा सिमेंटचा कट्टा. गोठा आणि शोषखड्डा पन्नास फुटांच्या पलीकडे. एवढं झाल्यावर बोअरला एकदा क्लोरीन द्या. साडेसहा इंची बोअरमध्ये पाण्याच्या प्रत्येक फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. मोटर बंद असताना समजा शंभर फूट पाणी उभं आहे, म्हणजे ६५० लिटर. त्याला ताजी ब्लीचिंग पावडर १०० ग्रॅम पुरे. बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी बोअरमध्ये ओता, रात्रभर राहू द्या, सकाळी वास जाईपर्यंत पाणी रानात सोडा. त्या वेळी मशीनचा नळ बंद ठेवा, क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होते. यानंतर आठवड्याने जंतूंची तपासणी पुन्हा करा. पुन्हा कोलिफॉर्म आले तर कुठून तरी घाण सतत उतरतेय, तिथे पावडर कितीही ओतून फायदा नाही.

अहवाल आला की नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि कोलिफॉर्म हे चार आकडे इथेच टाका. नमुना बोअरच्या पाइपवरून घेतला की टाकीतून, गोठा बोअरपासून किती पावलांवर आहे आणि घरात विजेचा दाब संध्याकाळी कितपत पडतो, तेही लिहा. आरओचा पंप कमी दाबाला नीट चालत नाही. मग कोणतं मशीन आणि स्क्रू कुठे ठेवायचा ते नेमकं सांगतो.